एकशे त्रेचाळीस खुणा, चार चिठ्ठ्या

आमच्या दिवाळी अंकाचं काम जिथं होतं त्या छापखान्याचे काका दरवर्षी जूनमध्ये एकच प्रश्न विचारतात, "मजकूर कधी देताय?" मी दरवर्षी सप्टेंबरातली एखादी तारीख सांगायचे. तीन वर्षांपूर्वी ते हसून म्हणाले, "ताई, तारीख सांगा. इच्छा नका सांगू."

त्या रात्री ते वाक्य डोक्यात घोळत असताना मला आठवलं, की नेमक्या याच विषयावर मी एक अख्खं प्रकरण वाचलेलं आहे. डॅनियल काहनेमन यांचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो'. कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणसं हमखास का चुकवतात, याबद्दल त्यात काहीतरी होतं. पण ते 'काहीतरी' म्हणजे काय, हे मात्र आठवेना. ई-रीडर उघडला. त्या पुस्तकात मी १४३ ठिकाणी पिवळ्या खुणा केल्या होत्या. वाचताना प्रत्येक खुणेच्या वेळी 'हे अगदी बरोबर आहे' असं वाटलं असणार. आता त्यातल्या निम्म्या वाक्यांचा मागचापुढचा संदर्भसुद्धा लागत नव्हता. आणि हवी ती गोष्ट, म्हणजे ते प्रकरण वाचूनही पुढची दोन वर्षं मी काकांना सप्टेंबरच सांगत राहिले होते.

खूण करणं आणि लक्षात राहणं यांचा संबंध आपल्याला वाटतो तेवढा घट्ट नाही, हे मानसशास्त्रज्ञांनी तपासून पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत अधोरेखन आणि पुन्हा पुन्हा वाचणं या दोन्ही पद्धती सर्वांत कमी उपयोगाच्या गटात पडल्या. वरच्या गटात दोनच होत्या. पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेणं, आणि अभ्यास एका दमात न करता दिवसांमध्ये विभागणं.

याच्या आधी, २००६ साली, हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला होता. एका गटानं एक उतारा चार बैठकींत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्यानं एका बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकींत न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१. खुणा करताना आपल्याला जे समाधान वाटतं ते त्या पहिल्या पाच मिनिटांतलं असतं.

पण माझी अडचण नुसत्या विसरण्याची नव्हती. समजा, मला ते प्रकरण तोंडपाठ असतं, तरी जूनमध्ये काकांसमोर उभं असताना ते आठवलं असतं का? पुस्तकातलं ज्ञान पुस्तकाच्या क्रमानं मनात बसतं, आणि गरज मात्र आपल्या कामाच्या क्रमानं येते. हा दुवा जोडण्याची एक पद्धत एका जर्मन समाजशास्त्रज्ञानं आयुष्यभर चालवली. अलीकडे तिचा बराच गाजावाजा झाला आहे, आणि त्या गाजावाजात तिचा गाभा बऱ्याचदा हरवतो.

निकलास लुमान (१९२७–१९९८) हे मुळात कायद्याचे पदवीधर आणि सरकारी अधिकारी. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी वाचलेल्या गोष्टी वहीत न लिहिता सुट्या चिठ्ठ्यांवर लिहायला सुरुवात केली. पोस्टकार्डाच्या जवळपास आकाराचे साधे कागद, पुठ्ठ्याचं कार्ड नाही, कारण पुठ्ठा पेटीत जागा खातो. शेवटी त्या जमल्या सुमारे ९० हजार. लुमान पुढे बीलेफेल्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथं रुजू होताना त्यांना संशोधन प्रकल्पाची माहिती विचारली गेली, तेव्हा त्यांनी दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे. विषय, समाजाचा सिद्धांत. मुदत, तीस वर्षं. खर्च, काही नाही. त्या सिद्धांताचा शेवटचा मोठा ग्रंथ १९९७ साली आला, म्हणजे वेळेचा अंदाज जमलेल्या दुर्मीळ माणसांत त्यांना धरायला हरकत नाही. दरम्यान पन्नासच्या वर पुस्तकं आणि शेकडो लेख लिहून झाले होते. या चिठ्ठ्यांच्या लाकडी पेटीला जर्मनमध्ये 'त्सेटलकास्टन' म्हणतात. आपण चिठ्ठीपेटी म्हणू.

लुमान वाचताना पुस्तकात रेघा ओढत बसत नसत. शेजारी एक कागद असे. त्याच्या एका बाजूला पुस्तकाचा तपशील आणि दुसऱ्या बाजूला अमुक पानावर अमुक मुद्दा आहे, एवढीच त्रोटक नोंद. पुस्तक संपलं की हा कागद घेऊन ते पेटीसमोर बसत, आणि मग खरं काम सुरू होई. यातला कोणता मुद्दा पेटीत आधी असलेल्या कशाला तरी जाऊन भिडतो? जो भिडेल त्याची स्वतःच्या शब्दांत, पूर्ण वाक्यांत वेगळी चिठ्ठी होई. बाकीचे मुद्दे त्या कागदावरच राहत.

ती चिठ्ठी ठेवायची कुठं? आपण असतो तर विषयवार कप्पे केले असते, 'मानसशास्त्र', 'व्यवस्थापन', 'इतिहास' असे. लुमान यांनी पेटीत थोडे ढोबळ विभाग केले होते खरे, पण त्यांच्या आत चिठ्ठीची जागा विषयावरून ठरत नसे, शेजारणीवरून ठरे. समजा ५७/१२ क्रमांकाच्या चिठ्ठीपुढे ५७/१३ आधीच आहे, आणि आता ५७/१२ मधल्या एका मुद्द्याला फाटा फुटला. मग नवी चिठ्ठी ५७/१२अ म्हणून दोघींच्या मध्ये बसते. तिलाही फाटा फुटला तर ५७/१२अ१. असा क्रम आत कितीही वाढू शकतो आणि एकदा दिलेला क्रमांक कधी बदलत नाही. त्यामुळं लांबच्या एखाद्या चिठ्ठीवर 'पहा ५७/१२अ' असं लिहिता येतं आणि ते वीस वर्षांनीही बरोबर लागतं. दुसऱ्या, मोठ्या पेटीच्या शब्दसूचीत साधारण तीन हजारांवर शब्द आहेत, आणि एकेका शब्दापुढे थोडेच क्रमांक. सूची फक्त आत शिरायचं दार दाखवते. आत गेल्यावर चिठ्ठीवरून चिठ्ठीवर जायचं.

पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये याहून कितीतरी मोठा चिठ्ठ्यांचा संग्रह आहे. ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत कोशासाठी डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकारानं १९४८ साली काम सुरू झालं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. त्या अक्षरानुक्रमे लावलेल्या आहेत आणि ते योग्यच आहे, कारण कोशकाराला आपला प्रश्न आधीच माहीत असतो. अमुक शब्द कुठं, कधी, कोणत्या अर्थानं आला, एवढंच त्याला विचारायचं असतं. तुमचा प्रश्न असा आधीच ठरलेला असेल, पाककृती, औषधांच्या मात्रा, कायद्याची कलमं असं काही, तर अक्षरानुक्रम किंवा विषयवार कप्पे सरस. लुमान यांची पेटी कामाची ठरते ती प्रश्न अजून तयार झालेला नसतो तेव्हा.

आता माझ्या १४३ खुणांकडे येते. मी सगळ्या खुणा पुन्हा वाचल्या नाहीत. तसं करायला बसणं ही पहिली चूक, त्यात एक रविवार जातो आणि हाती पुन्हा वाचनच लागतं. मी फक्त ते एक प्रकरण पुन्हा वाचलं, ई-रीडर मिटला आणि एका कागदावर आठवेल तसं लिहिलं.

गोष्ट अशी आहे. १९७०च्या दशकात इस्रायलमध्ये काहनेमन आणि काही सहकारी शाळांसाठी एक अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक तयार करत होते. वर्षभर काम झालं होतं, एक-दोन प्रकरणं लिहूनही झाली होती. एका बैठकीत प्रत्येकानं, पुस्तक पुरं व्हायला अजून किती वेळ लागेल, याचा अंदाज कागदावर लिहून दिला. सगळे अंदाज दीड ते अडीच वर्षांच्या आत होते. मग काहनेमन यांनी गटातल्या अभ्यासक्रम-तज्ज्ञाला विचारलं, "अशी कामं करणारे दुसरे गट तुम्ही पाहिलेत. त्यांना किती वेळ लागला?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, की साधारण ४० टक्के गटांचं काम पुरंच झालं नाही, आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. आपला गट त्यांच्यापेक्षा सरस आहे का, या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं, किंचित डावा. गंमत म्हणजे थोड्या वेळापूर्वी याच तज्ज्ञानं स्वतःच्या कागदावर सगळ्यांसारखाच आकडा लिहिला होता. पुस्तक पुरं व्हायला पुढे आठ वर्षं लागली.

हे लिहून झाल्यावर मी पडताळून पाहिलं. एक तपशील मी चुकवला होता, 'दीड ते अडीच'ऐवजी 'एक ते दोन' लिहिलं होतं. तो दुरुस्त केला. मग चिठ्ठी लिहिली. ती जशी आहे तशी देते:

"कामाला किती दिवस लागतील हे काम आतून बघून सांगितलं तर अंदाज चुकतो, कारण आतून फक्त आपला बेत दिसतो, येणारे अडथळे दिसत नाहीत. आधी अशाच कामांना प्रत्यक्षात किती दिवस लागले ते बघावं आणि तिथून सुरुवात करावी. अवघड भाग हा, की जुने आकडे माहीत असलेल्या माणसालाही ते आपल्या कामाला लावायचं सुचत नाही. दिवाळी अंकाचं वेळापत्रक करताना आधी जुनी वर्षं मोजणे. (काहनेमन, 'बाहेरून बघणं' हे प्रकरण.)"

या चिठ्ठीत मूळ पुस्तकातलं एकही वाक्य नाही आणि ते मुद्दाम. वाक्य उतरवून घेताना हात चालतो, डोकं चाललंच पाहिजे असं नाही. स्वतःच्या शब्दांत लिहायला लागलं की कुठं कळलेलं नाही ते लगेच उघडं पडतं. दुसरं, चिठ्ठी एकटी उचलली तरी कळते. आणि तिसरी गोष्ट, जी लुमान यांना फारशी लागत नसावी पण मला लागते, ती म्हणजे 'कधी' याचं उत्तर तिच्यात आहे. ही चिठ्ठी मला जूनमध्ये, वेळापत्रकाच्या वेळी भेटायला हवी. म्हणून तिचा क्रमांक अंकाच्या कामाच्या वहीत, वेळापत्रकाच्या पानाच्या समासात लिहिला. ज्या जागी काम होतं त्या जागी खूण. पुस्तकातल्या खुणेपेक्षा ही खूण जास्त उपयोगाची ठरली.

चिठ्ठीनं सांगितलं तसं जुनं वर्ष मोजलं. लेखकांना निमंत्रणाची पत्रं गेली तो दिवस आणि मजकूर छापखान्यात गेला तो दिवस, दोन्ही तारखा ईमेलमध्ये होत्याच. आमचा अंदाज दरवर्षी शंभर दिवसांचा. गेल्या चार वर्षांत प्रत्यक्षात लागलेले दिवस: १२८, १४१, १२४, १३७. सरासरी १३२ आणि थोडे वर. चार वर्षांत एकदाही शंभर नाही, शंभरच्या जवळपासही नाही. आणि प्रत्येक वर्षीचं कारण मला वेगळं आठवत होतं. एका वर्षी पाऊस, एका वर्षी एक लेखक आजारी, एकदा जाहिराती उशिरा आल्या. कारणं वेगवेगळी असल्यामुळंच आकडा एकच आहे हे दिसलं नव्हतं.

वाचनातून एवढं निघालं तरी पुरेसं होतं. पण पेटीची खरी मजा दुसऱ्या चिठ्ठीत आहे, आणि ती आली एका ऑनलाइन अभ्यासक्रमातून.

अभ्यासक्रमाची टिपणं घेणं हे पुस्तकापेक्षा वेगळं प्रकरण आहे. बोलणारा पुढे जात राहतो आणि आपण त्याच्या मागे पळत लिहीत राहतो. शेवटी वहीत त्याचं व्याख्यान उतरतं आणि आपलं काहीच उरत नाही. व्हिडिओ थांबवता येतो, ही सोय तिथं उलट घात करते, कारण माणूस दर वाक्याला थांबवून उतरवायला लागतो. मी नियम केला, की चालू असताना लिहायचं नाही. साधारण दहा-बारा मिनिटांचा एक भाग संपला की खिडकी बंद करायची आणि दोनच प्रश्नांची उत्तरं लिहायची. यानं काय सांगितलं? आणि हे खरं असेल तर माझ्या कुठल्या कामात काय बदलेल? दुसऱ्याचं उत्तर सुचलं नाही तर त्या भागाची चिठ्ठी होत नाही. दहा भागांपैकी सहा-सात तसेच जातात आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

तो अभ्यासक्रम कामाचं नियोजन करण्याबद्दल होता. त्यात एका भागात लिटलचा नियम होता. जॉन लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६१ साली त्याची सिद्धता प्रसिद्ध केली. नियम इतका साधा आहे की त्याला सिद्धता लागते याचंच नवल वाटतं. रांगेत सरासरी किती जण उभे आहेत, याला दर तासाला किती जणांचं काम होतं यानं भागा, की एकाला सरासरी किती वेळ थांबावं लागतं ते मिळतं. बँकेत १२ जण थांबलेले आणि तासाला ६ जणांचं काम होत असेल तर तुम्हाला दोन तास. माझी चिठ्ठी अशी झाली: "ढीग भागिले वेग म्हणजे थांबणं. काम करणाऱ्याचा वेग तोच असेल तर ढीग जितका मोठा तितकं शेवटच्याचं थांबणं जास्त. थांबणं कमी करायचं तर ढीग होऊ न देणं बघावं."

चिठ्ठी हातात घेऊन पेटीपाशी गेले आणि लुमान यांचा प्रश्न विचारला, ही कुणाशेजारी बसेल? 'गणित' नावाचा कप्पा असता तर ती तिथं गेली असती आणि मेली असती. वेळेच्या अंदाजाची चिठ्ठी समोर होती. दोन्ही शेजारी ठेवल्या आणि लक्षात आलं, की पहिली चिठ्ठी 'उशीर होणारच' एवढंच सांगते. तो कुठं होतो ते ती सांगत नाही. दुसरी चिठ्ठी विचारते, तुमच्याकडे ढीग कुठं साठतो?

आमच्याकडे तो मुद्रितशोधनाच्या टेबलावर साठतो. आमच्या मुद्रितशोधक बाई अत्यंत काटेकोर आहेत. आठवड्याला सहा लेख त्या नीट तपासतात, सातवा दिला तर तो तपासतात पण पुढच्या आठवड्यात. आम्ही सगळ्या लेखकांना एकच शेवटची तारीख देत असू. मराठी लेखक शेवटच्या तारखेचा मान राखतात, म्हणजे तिच्या आधी काही पाठवत नाहीत. त्यामुळं एका आठवड्यात बाईंच्या टेबलावर अठरा लेख येऊन पडत. अठरा भागिले सहा, शेवटच्या लेखाला तीन आठवडे. त्यांच्या आधी टेबल रिकामं. म्हणजे बाईंचा वेग वाढवायची गरजच नव्हती.

इथं एक खबरदारी घ्यायला हवी होती आणि अभ्यासक्रमात ती सांगितलेली होती. लिटलचा नियम दीर्घकाळच्या सरासरीचा आहे, एकदाच उसळलेल्या ढिगाचा नाही. आमचा ढीग वर्षातून एकदाच होतो. म्हणून नियमाचं नाव घेऊन मी जे केलं ते खरं तर साधा भागाकार होता. तरीही कुठं बघायचं हे त्या चिठ्ठीनंच दाखवलं. चिठ्ठीखाली मी हा फरक लिहून ठेवला, नाहीतर पुढच्या वेळी मीच तो नियम नको तिथं लावला असता.

त्या वर्षी आम्ही लेखकांचे तीन गट केले आणि प्रत्येकाला आठवड्याच्या अंतरानं वेगळी तारीख दिली. कथा आधी, लेख नंतर, कविता शेवटी, कारण कवितेत तपासायचं कमी असतं (कवी हे वाचून रागावतील, पण अक्षरं कमी असतात एवढंच म्हणणं आहे). एका वेळी टेबलावर सहा-सातच्या वर लेख साठले नाहीत. एकूण १३५ दिवस धरले, पत्रं महिनाभर आधी पाठवली आणि काकांना ती तारीख सांगितली. लागले १२९. काका काही बोलले नाहीत, नुसती मान डोलावली.

या दोन चिठ्ठ्यांमधून पुढे तिसरी निघाली: "उशीर मोजल्याशिवाय दिसत नाही, आणि मोजल्यावर तो पसरलेला नसतो, एका जागी साठलेला असतो." ती कुठल्याही पुस्तकात किंवा अभ्यासक्रमात नव्हती. ती पेटीत तयार झाली.

आता या पद्धतीत काय बिघडतं ते सांगते, कारण पहिल्या वर्षी माझं बरंच बिघडलं. सगळ्यात सामान्य रोग म्हणजे साठवणं. चांगलं वाक्य दिसलं की टाक पेटीत. ई-रीडरवरच्या खुणा आपोआप संगणकातल्या टिपणवहीत आणून टाकणाऱ्या सोयी आता सहज मिळतात. मी ती सोय चालू केली आणि आठवड्यात पेटी पुस्तकांच्या तुकड्यांनी भरून गेली. रोग ओळखायची खूण सोपी आहे. महिन्यापूर्वीची कोणतीही पाच टिपणं काढा आणि वाचा. त्यांत लेखकाचा आवाज ऐकू येतो की तुमचा? पाचपैकी तीन लेखकाच्या आवाजात असतील तर ती पेटी नव्हे, अडगळ आहे. मी ती सोय बंद केली आणि आलेलं सगळं एका वेगळ्या ठिकाणी हलवलं. दीड वर्षात त्यातलं काही लागलेलं नाही.

दुसरी चूक दुव्यांची. संगणकावर दोन टिपणं जोडायला एक सेकंद लागतो, त्यामुळं माणूस सगळ्याला सगळं जोडतो. मग पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखं चित्र दिसतं आणि आपण फार विचार केला असं वाटतं. मी आता दुव्यापुढे एक वाक्य लिहिल्याशिवाय दुवा देत नाही: "ही तिचं कारण सांगते", "ही तिच्या उलट आहे", "हिच्यातलं उदाहरण तिथं लागू होत नाही". वाक्य सुचलं नाही तर दुवा नाही. लुमान यांच्या कागदी पेटीत क्रमांक हातानं लिहावा लागे, तेवढा त्रास फालतू दुवे थांबवायला पुरत असावा.

तिसरी गोष्ट वेळेची. एक नीट चिठ्ठी व्हायला मला दहा ते पंधरा मिनिटं लागतात. एका पुस्तकातून तीस चिठ्ठ्या करायचं ठरवलं तर पाच ते साडेसात तास, म्हणजे पुस्तक दुसऱ्यांदा वाचण्याइतके. इतकं कुणी करत नाही, आणि करू म्हणणारे दुसऱ्या पुस्तकाला सोडून देतात. म्हणून मर्यादा आधीच घालून घ्यावी. मी एका पुस्तकाला जास्तीत जास्त पाच धरते. पाचांत बसत नसेल तर कुठला मुद्दा गळला ते ठरवताना पुस्तक आणखी एकदा कळतं.

आणि हे सगळ्यासाठी नाही. परीक्षेसाठी सनावळ्या किंवा व्याख्या पाठ करायच्या असतील तर चिठ्ठीच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर आणि वाढत्या अंतरानं उजळणी हे जास्त चांगलं. रोडिगर-कार्पिक यांचा प्रयोग तेच सांगतो. माझ्या भाच्याला मी पेटीचं वेड लावायच्या बेतात होते, पण त्याला रसायनशास्त्राची बारावी द्यायची आहे. त्याला प्रश्नोत्तराच्या चिठ्ठ्याच हव्यात. कादंबरीच्या चिठ्ठ्या मी करत नाही. एकदा केल्या होत्या, पाच. पुन्हा काढल्या तर कादंबरी आठवली नाही, चिठ्ठी लिहिताना बसले होते ती खुर्ची आठवली.

कागद की संगणक, हा प्रश्न सगळे विचारतात. लुमान यांच्या क्रमांकांची गरज कागदाला होती, कारण कागद एकाच जागी राहू शकतो. संगणकात नाव आणि दुवा पुरतो. माझी पेटी बुटाच्या खोक्यात आहे, याचं कारण तत्त्वज्ञान नाही. छापखान्यात मजकूर कापल्यावर कागदाच्या पट्ट्या उरतात, आणि काका त्या फुकट देतात.

लुमान यांच्या पेट्या बीलेफेल्ड विद्यापीठानं २०११ साली मिळवल्या आणि आता त्यांतल्या चिठ्ठ्या टप्प्याटप्प्यानं इंटरनेटवर खुल्या होत आहेत. जर्मन येत नसलं तरी एकदा बघाव्यात. कितीतरी चिठ्ठ्यांवर जेमतेम तीन-चार ओळी आहेत. काही कोपऱ्यांत नुसते क्रमांक. काही जिथं थांबल्या तिथंच थांबल्या, त्यांना फाटा कधी फुटलाच नाही.

माझ्या खोक्यात आज २१२ चिठ्ठ्या आहेत. काहनेमन यांच्या पुस्तकातल्या १४३ खुणांपैकी तिथवर पोचल्या त्या चार.